सव्वीस दिवसांचा महिना

महिना किती दिवसांचा असतो, या प्रश्नाला शाळेत एकच उत्तर होते. मूठ आवळायची, बोटांचे उंचवटे आणि खळगे मोजायचे आणि मोकळे व्हायचे. कंपनीच्या हिशेब खात्यात बसले की ही मूठ निकामी होते. इथे महिना किती दिवसांचा, हे पैसे कोण कोणाला देणार आहे यावर ठरते. बिनपगारी रजेचा पगार कापायचा असेल तर महिना सव्वीस दिवसांचा, म्हणजे एका दिवसाचे जास्त पैसे कापता येतात. तोच पैसा माणसाला द्यायचा असेल तर महिना तीस दिवसांचा, म्हणजे दिवस स्वस्त पडतो. कापताना आखडणारा आणि देताना लांबणारा असा हा महिना मी रोज हाताळतो. पगारपत्रकात त्याचे काही वाटत नाही, कारण फरक शंभर-दोनशेचा असतो. पण माणूस नोकरी सोडून निघाला आणि त्याचे ‘फुल अँड फायनल’ करायची वेळ आली की हाच महिना लाखाच्या घरात खेळ करतो.

आमच्या पुण्याजवळच्या कारखान्यात लेथवर एक काका होते. हिशेबाला ते आदर्श गिऱ्हाईक. पगार सरळ, हजेरी चोख, कर्ज नाही, ॲडव्हान्स नाही. मे २०२३ अखेर राजीनामा देऊन गावी शेतावर जायचे त्यांनी ठरवले. त्यांचा शेवटचा पगार सगळे मिळून ४१,६०० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २८,६००. एचआरच्या साहेबांनी कागदावर तीन मिनिटांत हिशेब मांडला आणि माझ्याकडे नुसती सही करायला पाठवला. ग्रॅच्युइटी २,४३,१०० आणि रजेचे पैसे २८,६००, एकूण २,७१,७००.

“पाठ झालंय मला आता,” साहेब म्हणाले. “वर्षाला अर्धा पगार. सतरा वर्षं. संपला विषय.”

वर्षाला अर्धा पगार हे ग्रॅच्युइटीचे गल्लीतले भाषांतर आहे आणि ते इतके तोंडी बसले आहे की भलेभले त्यावर हिशेब करतात. १९७२ च्या कायद्यात अर्धा पगार असे कुठेच नाही. तिथे आहे पंधरा दिवसांचा पगार. आता पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, हे तिसरीच्या मुलालाही पटेल. फक्त न्यायालयाला पटले नाही. गुजरातेतल्या दिग्विजय वूलन मिल्सचे प्रकरण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि १९८० साली निकाल लागला. विचार असा, की महिन्याच्या पगारावर काम करणारा माणूस चार सुट्ट्या सोडून सव्वीस दिवस राबतो, आणि त्या सव्वीस दिवसांच्या कामाचा तो पगार. म्हणून एका दिवसाचा पगार काढताना भागायचे सव्वीसने. पुढे १९८७ साली हे कायद्यातच घातले, म्हणजे वाद मिटावा. कायद्यातला मिटला. कारखान्यांतला अजून आहे.

काकांचे २८,६०० सव्वीसने भागले की दिवसाला ११०० रुपये येतात. पंधरा दिवसांचे १६,५००. साहेबांचा अर्धा पगार १४,३०० होता. वर्षाला २,२०० रुपयांचा फरक, आणि तो नोकरीच्या सगळ्या वर्षांनी गुणला जातो. मी हे सांगितल्यावर साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे यांचा महिना सव्वीस दिवसांचा?” मी म्हटले, मागच्या महिन्यात काकांचा एक खाडा कापताना आपण किती दिवसांचा धरला होता ते पाहा. साहेबांनी पाहिले नाही. पाहायची गरजही नव्हती, दोघांनाही ठाऊक होते.

राहिला वर्षांचा प्रश्न, आणि इथे खरी करमणूक आहे. नोकरीला लागलेल्या माणसाच्या आयुष्यात कंपनीच्या कागदावर तीन वाढदिवस असतात. पहिला, तो ॲप्रेंटिस म्हणून आला तो दिवस. दुसरा, तो कामाला लागला तो. तिसरा, सहा महिन्यांच्या प्रोबेशननंतर तो ‘कन्फर्म’ झाला तो. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात ॲप्रेंटिस हा कर्मचारी धरत नाहीत, म्हणून पहिला वाढदिवस बाद. पण प्रोबेशनवरचा माणूस कर्मचारीच असतो. तो काही सहा महिने हवेत तरंगत नसतो. सेवा मोजायची ती दुसऱ्या वाढदिवसापासून. साहेबांनी मोजली तिसऱ्यापासून, कारण काकांच्या फाईलमध्ये सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत, मानाने जपलेले होते ते कन्फर्मेशनचे पत्र. नेमणुकीचे पत्र मात्र खाली दबलेले, कोपरा उंदराने चाखलेले, पण तारीख शाबूत : १२/१०/२००५.

ही तारीख मी संगणकाला सांगितली आणि चौथा वाढदिवस जन्माला आला. आमच्या हिशेब खात्यातला एक संगणक अमेरिकी तारखांच्या संस्कारात वाढलेला आहे. त्याच्या लेखी १२/१०/२००५ म्हणजे १२ ऑक्टोबर नव्हे, १० डिसेंबर. तो तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही, शांतपणे दोन महिने गिळतो. बारा तारखेच्या पुढे जन्मलेल्या माणसांना हा त्रास नाही, कारण तेरावा महिना नसल्याने संगणक तिथे अडखळतो आणि तारीख खान्याच्या उजवीकडे न जाता डावीकडे चिकटून बसते; त्यावरून गोम कळते. बारापर्यंतच्या तारखांना मात्र देवच वाली. उपाय एकच : त्या खान्याचे रूप असे बदलायचे की महिना अक्षरात दिसेल. मी बदलले, आणि समोर डिसेंबर उभा राहिला. तो पुसून ऑक्टोबर लिहिला आणि मग हे :

```
=DATEDIF(A2,B2+1,"y")
=DATEDIF(A2,B2+1,"ym")
=DATEDIF(A2,B2+1,"md")
```

A2 मध्ये लागल्याची तारीख, B2 मध्ये शेवटचा दिवस, ३१ मे २०२३. त्यात एक मिळवायचा, कारण शेवटच्या दिवशीही काकांनी पाळी पूर्ण केली होती आणि हे सूत्र शेवटचा दिवस मोजत नाही. उत्तर आले १७ वर्षे, ७ महिने, २० दिवस.

कायदा म्हणतो, पूर्ण वर्ष, किंवा सहा महिन्यांहून जास्त असलेला वर्षाचा तुकडा, हे पूर्ण वर्ष धरा. म्हणजे काकांची झाली अठरा. कन्फर्मेशनच्या तारखेपासून, १२ एप्रिल २००६ पासून मोजले तर सतरा वर्षे, एक महिना, वीस दिवस, म्हणजे सतरा. संगणकाच्या १० डिसेंबरपासून सतरा वर्षे, पाच महिने, बावीस दिवस. म्हणजे तीही सतराच. दोन वेगळ्या चुका एकाच आकड्यावर येऊन भेटल्या, त्यामुळे साहेबांना वाटले की पडताळणीही झाली. हिशेबात सगळ्यात धोकादायक तेच. दोन माणसांनी वेगवेगळ्या वाटेने तेच उत्तर काढले की तिसरा माणूस डोळे मिटून सही करतो.

‘सहा महिन्यांहून जास्त’ यातल्या ‘हून’चीही किंमत आहे. समजा काका १ डिसेंबर २००५ ला लागले असते आणि ३१ मे २०२३ ला गेले असते, तर सतरा वर्षे आणि बरोब्बर सहा महिने झाले असते. सहा महिने सहा महिन्यांहून जास्त नसतात, म्हणून वर्षे सतराच. त्यांनी १ जूनला एक पाळी जास्त भरली असती तर त्या एका पाळीचे सोळा हजार पाचशे मिळाले असते. राजीनाम्याची तारीख ठरवताना लोक मुहूर्त बघतात, अमावास्या टाळतात. नेमणुकीचे पत्र मात्र कोणी काढून बघत नाही.

काकांची ग्रॅच्युइटी मग अशी झाली : १६,५०० गुणिले १८, म्हणजे २,९७,०००. साहेबांच्या २,४३,१०० पेक्षा ५३,९०० जास्त. साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हते.

आमच्या ऑफिसमधला एक तरुण इंजिनियर मात्र हे सगळे ऐकून उगाच हुरळला. त्याची नोकरी चार वर्षे दहा महिन्यांची आणि राजीनामा खिशात. “माझीपण पाच धरतील ना? दहा महिने म्हणजे सहाहून जास्त!” तसे नाही. तुकडा पूर्ण धरायची सोय रक्कम मोजताना आहे. हक्क मिळायला मात्र सलग पाच वर्षांची सेवा लागते, मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच ही अट नाही. पण त्याला अगदीच नाही म्हणून परत पाठवणेही बरोबर नव्हते. कायद्यात सलग सेवेच्या व्याख्येत, वर्षात २४० दिवस काम झाले की ते वर्ष सलग सेवेचे धरा असे आहे, आणि त्या आधारावर चार वर्षे झाल्यावर पाचव्या वर्षात २४० दिवस भरलेल्याला ग्रॅच्युइटी द्यावी असे मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले आहे. दहा महिन्यांत त्याचे २४० दिवस भरलेले होते. पण सगळ्या कंपन्या हे निमूटपणे मानतात असे नाही. मी त्याला म्हटले, “दोन महिने थांब, भांडायचीच गरज नाही.” तो थांबला नाही. नव्या कंपनीने सोमवारीच बोलावले होते. तरुण माणसांच्या नव्या कंपन्या नेहमी सोमवारीच बोलावतात.

आता रजेकडे. ग्रॅच्युइटीला निदान एक सूत्र आहे. रजेच्या पैशांना प्रत्येक कंपनीचे आपले लोकगीत आहे. कोणी बेसिक तीसने भागतो, कोणी सव्वीसने, कोणी पूर्ण पगार घेतो. ऑफिसातल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत कंपनीचा नियम काय म्हणतो ते बघावे लागते. पण काका कारखान्यातले कामगार. त्यांना १९४८ चा कारखाने कायदा लागू होता, आणि तिथे कंपनीच्या लोकगीताला जागा नव्हती.

साहेबांनी लिहिले होते : रजा तीस दिवस, कारण ‘तीसच्या पुढे लॅप्स’; दर बेसिक भागिले तीस; म्हणजे २८,६००. दिसायला इतके सुबक की खोडायचा धीर होऊ नये. त्यात दोन्ही आकडे चुकीचे होते.

काकांची एक छोटी वही होती, लेथच्या तेलाचे डाग पडलेली. त्यात त्यांच्या हिशेबाने ६५ दिवस शिल्लक होते. साहेबांच्या हिशेबाने ३०. खरा आकडा दोघांच्या मध्ये कुठेतरी लपला होता आणि तो काढायला मला रजेचे रजिस्टर आणि काकांची वही शेजारी ठेवून एक दुपार घालवावी लागली.

वीस दिवस काम केले की एक दिवस रजा, हा मूळ हिशेब. मात्र तेव्हा वर्षात निदान २४० दिवस काम व्हायला हवे होते. एका वर्षी कमावलेली रजा पुढच्या वर्षी घ्यायची, आणि घेतली नाही तर पुढे न्यायची; पुढे नेलेली तीस दिवसांच्या वर जाता कामा नये. साहेबांना हे शेवटचे वाक्यच तेवढे पाठ होते. तीसची मर्यादा आहे ती पुढे नेण्यावर. चालू वर्षाची रजा तिच्या डोक्यावर वेगळी बसते. काकांनी २०२२ मध्ये २७६ दिवस काम केले होते. वीसने भागले की १३.८, आणि अर्ध्या दिवसाहून कमी नसलेला तुकडा पूर्ण दिवस धरायचा, म्हणून १४. म्हणजे १ जानेवारी २०२३ ला काकांच्या खात्यात जुने ३० आणि नवे १४.

इथपर्यंत मी पोचलो तेव्हा काकांनी वहीच्या पुठ्ठ्यातून चार घड्यांचा एक कागद काढला. नोव्हेंबर २०२२ चा रजेचा अर्ज. गावी सहा दिवस, वीस दिवस आधी लेखी मागितलेले. खाली लाल शाईत शेरा : ‘तातडीची ऑर्डर. नामंजूर.’ आणि सुपरवायझरची सही, लफ्फेदार.

“हा का ठेवलात?” मी विचारले.

“राग आला होता, म्हणून,” काका म्हणाले.

या रागाची किंमत ९,६०० रुपये निघाली. कायद्यात अशी सोय आहे, की कामगाराने रीतसर रजा मागितली आणि नियम सोडून ती नाकारली, तर ती नाकारलेली रजा कितीही पुढे नेता येते. तीसची मर्यादा तिला लागत नाही. रीतसर म्हणजे लेखी आणि निदान पंधरा दिवस आधी. काकांनी दोन्ही पाळले होते. बहुतेक माणसे नामंजूर अर्ज चहाच्या टपरीवर फाडून टाकतात. मंजूर अर्ज मात्र जपून ठेवतात, ज्याचा नंतर काडीचा उपयोग नसतो.

तर जुने ३०, नाकारलेले ६, नवे १४, मिळून ५०. मार्चमध्ये काकांनी पाच दिवस घेतले होते, उरले ४५. आणि २०२३ चे जानेवारी ते मे? साहेब म्हणाले, “वर्षच भरलं नाही, २४० दिवस नाहीत, त्याचं शून्य.” पण माणूस वर्षाच्या मध्येच राजीनामा देऊन गेला, तर २४० दिवस भरले नाहीत तरी त्याच दराने रजेचे पैसे द्यायचे, असे त्या कायद्यात स्पष्ट होते. काकांनी पाच महिन्यांत ११८ दिवस काम केले, ५.९, म्हणजे ६. एकूण ५१.

काकांच्या वहीतले उरलेले चौदा दिवस खरोखरच बुडालेले होते. जुन्या वर्षांतले, तीसच्या वर गेलेले, न मागितलेले. ते सांगताना मला वाईट वाटले. काका म्हणाले, “मागितले असते तर शेरा मिळाला असता, नाही का?” एका वाक्यात त्यांनी कायद्याचे मर्म पकडले. आमच्या वकिलांना त्यासाठी अर्धा तास लागतो, आणि त्याचे बिलही येते.

आता दर. कारखाने कायद्यात रजेचा दर बेसिकवर नव्हता. आधीच्या महिन्यात माणसाने प्रत्यक्ष काम केले त्या दिवसांची सरासरी कमाई, ओव्हरटाइम आणि बोनस वगळून, पण महागाई भत्ता धरून. मे २०२३ मध्ये चार रविवार आणि एक महाराष्ट्र दिन. ३१ मधून पाच गेले, काकांनी भरले २६. पुन्हा सव्वीस! या वेळी कुठल्या न्यायालयाने ठरवलेले नव्हते. कॅलेंडरनेच भिंतीवरून दिलेले. ४१,६०० भागिले २६, दिवसाला १,६००. एक्कावन्न दिवसांचे ८१,६००. साहेबांच्या सुबक २८,६०० च्या जागी.

दोन्ही मिळून ३,७८,६००. पहिल्या कागदापेक्षा एक लाख सहा हजार नऊशे जास्त. यात कोणी कोणाला फसवायला निघाले नव्हते, हे लिहून ठेवायला हवे. साहेब सज्जन आहेत, गणपतीला वर्गणी जास्त देतात. त्यांचे गणित फक्त प्रत्येक वळणावर कंपनीच्या बाजूला झुकत गेले. आजवर मी तपासलेल्या हिशेबांत माणसाच्या बाजूने झुकलेली चूक क्वचितच पाहिली आहे.

हिशेब झाला तरी पैसे हलेनात, कारण ‘नो ड्यूज’ नावाचा कागद फिरत होता. त्यावर स्टोअर, टूलरूम, कँटीन, सिक्युरिटी, आणि वाचनालय अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. आमच्याकडे वाचनालय नाही. फॉर्म कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा उतरवून घेतला तेव्हा त्यांचे वाचनालय आमच्याकडे आले. तिथली सही वॉचमन करतो. टूलरूमने मात्र सही अडवली : काकांच्या नावावर एक व्हर्नियर कॅलिपर, कधीकाळी दिलेला, परत नोंद नाही.

“ग्रॅच्युइटीतून कापा आणि द्या,” साहेब म्हणाले.

कापता येत नाही. ग्रॅच्युइटीतून नुकसान वसूल करता येते ते, ज्या माणसाला त्या नुकसानीबद्दल किंवा निष्काळजीपणाबद्दल नोकरीवरून काढले आहे, त्याच्याच बाबतीत, आणि तेवढ्याच रकमेपुरते. दंगा, मारामारी किंवा नीतिभ्रष्टतेचा गुन्हा यासाठी काढले तर सगळीही जप्त करता येते. काकांना कोणी काढलेले नव्हते; ते आपल्या पायांनी चालले होते. या रकमेला कायद्याचे कवच एवढे जाड आहे की सावकाराने न्यायालयातून हुकूमनामा आणला तरी ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. मग टूलरूमच्या रजिस्टरातली पेन्सिलची नोंद तिथे काय करणार? कॅलिपरचे काय झाले ते शेवटपर्यंत कळले नाही. टूलरूमवाल्याने तीन दिवस सगळ्यांकडे संशयाने पाहिले आणि चौथ्या दिवशी सही केली.

तोवर रजेच्या पैशांची मुदत उलटून गेली होती. राजीनामा देणाऱ्याला ते दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचे असतात. हे ऐकून साहेबांनी मला पाणी दिले, बहुधा माझी तब्येत बिघडली आहे असे वाटून. ग्रॅच्युइटीला तीस दिवस आहेत. ‘काकांनी अर्जच केला नाही’ ही सबबही चालत नाही. अर्ज येवो न येवो, रक्कम काढून माणसाला आणि अधिकाऱ्याला लेखी कळवायचे काम मालकाचे. तीस दिवसांनंतर साध्या व्याजाने दहा टक्के. २,९७,००० वर दरमहा २,४७५. मी हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिला, आणि आजवर नो ड्यूजच्या मागे लागून जे जमले नव्हते ते त्या कोपऱ्याने केले : चेक त्याच आठवड्यात निघाला.

चेक निघाल्यावर आयकर खात्याने आपला महिना पुढे केला. ग्रॅच्युइटी सूत्राइतकीच आणि वीस लाखांच्या आत, म्हणून पूर्ण करमुक्त. रजेच्या पैशांची मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून पंचवीस लाख झाली होती, म्हणून सगळ्यांना वाटले तेही सुटले. पण करमाफी मोजताना खाते शेवटच्या दहा महिन्यांची बेसिक आणि महागाईची सरासरी घेते आणि महिना धरते तीस दिवसांचा. ५१ दिवसांचे त्यांच्या मापाने होतात ४८,६२०. वरचे ३२,९८० काकांच्या उत्पन्नात. एकाच माणसाचा एकच दिवस तीन टेबलांवर तीन भावांनी विकला गेला : ग्रॅच्युइटीला ११००, रजेला १६००, करमाफीला ९५३ रुपये तेहतीस पैसे.

आता नवे कायदे आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ग्रॅच्युइटीचा जुना कायदा तिच्यात विरघळला. पंधरा आणि सव्वीस मात्र तसेच राहिले. बदलला तो ‘वेतन’ या शब्दाचा पोटातला आकार. पूर्वी कंपन्या बेसिक चिमूटभर ठेवायच्या आणि उरलेला पगार घरभाडे, वाहन, आणि ‘विशेष भत्ता’ यांत पसरायच्या; ग्रॅच्युइटी त्या चिमटीवरच. आता वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात परत येतो. काकांचे बेसिक-महागाई ४१,६०० पैकी २८,६००, म्हणजे निम्म्याहून जास्तच. त्यांना याचा फरक पडला नसता. ठरावीक मुदतीच्या कराराने लागलेल्यांना तर पाच वर्षांची वाटही पाहायची नाही, एका वर्षावर हक्क. आमच्या त्या सोमवारवाल्या इंजिनियरला नव्या कंपनीने कराराने घेतले असेल तर त्याचे भले होईल.

नव्या कायद्याची बातमी आली त्या दिवसापासून साहेब माझ्या टेबलाकडे जरा जास्तच येऊ लागले. आधी विचारले, आमच्यासारख्या मोठ्या पगाराच्या माणसांनाही हे लागू असते का. मी सांगितले, पगाराची मर्यादा १९९४ सालीच निघाली, मॅनेजरही त्यात येतात. मग दोन दिवसांनी विचारले, महिना सव्वीसचाच ना? सव्वीसचाच, मी म्हटले. त्यानंतर एके दिवशी दार ओढून घेत आत आले, खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतःचे नेमणुकीचे पत्र टेबलावर ठेवले. प्लास्टिकच्या पिशवीत.

“पहिलं वर्ष मी मॅनेजमेंट ट्रेनी होतो,” आवाज खाली आणून ते म्हणाले. “पण ट्रेनी म्हणजे काही ॲप्रेंटिस नव्हे. पाळ्या भरत होतो, पगार घेत होतो, पीएफ कापत होता. ते वर्ष धरायलाच हवं. तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हटले, पीएफची त्या वर्षाची पावती शोधून आणा. ते लगेच उठले. पावती त्यांच्याकडे खाली गाडीतच होती.